सहा दिवसांचं वाटणारं काम: तारीख सांगण्याआधीचा हिशोब

प्रश्न: मी घरून भाषांतराची कामं करते. काम कधी देणार ही तारीख बहुतेक वेळा मीच सांगते आणि मीच चुकवते. मागच्या आठ कामांच्या तारखा ईमेलमधून शोधून काढल्या. आधी ठरवलेले दिवस आणि मग प्रत्यक्ष लागलेले दिवस असे आहेत: ५–८, ४–९, १०–१४, ३–४, ६–१३, ७–१०, ५–७, ८–२०. आळस म्हणावा तर मी रोज कामाला बसते. प्लॅनिंग फॅलसीबद्दल, म्हणजे कामाला लागणारा वेळ कमी धरण्याच्या सवयीबद्दल वाचलंय, पटलंही, पण पुढच्या वेळी पुन्हा तेच होतं. आता ६० पानांचं काम आलंय, मला ते सहा दिवसांचं वाटतंय. काय तारीख देऊ?

उत्तर:

आजपासून तेराव्या दिवसाची द्या, सुट्टीचे दिवस धरून. तुमची ६० पानं मी पाहिलेली नाहीत. पाहिली असती तर कदाचित मीही आठ-नऊ दिवस म्हणून मोकळा झालो असतो. तेराचा आकडा तुम्ही दिलेल्या आठ जोड्यांमधूनच निघतो.

प्रत्येक कामाला लागलेल्या दिवसांना ठरवलेल्या दिवसांनी भागा. ५–८ चं उत्तर येतं १.६, ४–९ चं २.२५, असं करत आठही काढा आणि लहानाकडून मोठ्याकडे लावा: १.३३, १.४, १.४, १.४३, १.६, २.१७, २.२५, २.५. यांना आपण गुणक म्हणू.

आधी एक गोष्ट बघा. या आठांत एकही गुणक १ च्या खाली नाही. अंदाज नुसता कच्चा असता तर कधी काम उशिरा झालं असतं, कधी लवकर. आठही वेळा चूक एकाच बाजूला झाली आहे, म्हणजे तुमचा अंदाज विस्कळीत नाही, एका बाजूला झुकलेला आहे. झुकलेला अंदाज दुरुस्त करणं त्या मानाने सोपं असतं, कारण तो दरवेळी त्याच दिशेला झुकतो.

आता नव्या कामाचे सहा दिवस या गुणकांनी गुणायचे. पण कोणत्या गुणकाने? बहुतेक लोक इथे सरासरी काढतात. तुमची सरासरी साधारण १.७६ येते, म्हणजे साडेदहा दिवस. सरासरीत अडचण अशी, की ती तारीख किती वेळा पाळली जाईल हे तिच्यातून कळत नाही. त्यापेक्षा लावलेल्या रांगेत एकेक गुणक मोजत जा. मधले दोन गुणक १.४३ आणि १.६ आहेत, म्हणजे ढोबळ मानाने दीड. दीडने गुणलं तर नऊ दिवस येतात, आणि अशा तारखा तुम्ही निम्म्या वेळा पाळाल, निम्म्या वेळा चुकवाल. सहावा गुणक आहे २.१७. तो धरला असता तर आठांपैकी सहा कामं वेळेत पडली असती. सहा गुणिले २.१७ म्हणजे तेरा. आठवा गुणक धरला तर पंधरा दिवस. चारांपैकी तीन वेळा शब्द पाळला जावा एवढी खात्री बाहेरच्या माणसाला दिलेल्या तारखेला असावी असं मला वाटतं. छपाईची तारीख ठरलेली असेल किंवा उशीर झाला तर पैसे कापले जाणार असतील तर पंधरा सांगा. आठच कामांवरून काढलेला आकडा ओबडधोबड असणार, त्यामुळे २.१७ मधल्या ‘.१७’ला फार मान देऊ नका. पण सहा आणि तेरा यांच्यातला फरक ओबडधोबड नाही.

आता, वाचूनही पुन्हा तेच का होतं? कारण ही चूक माहिती नसल्यामुळे होत नाही. प्लॅनिंग फॅलसी हे नाव मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांच्या १९७९ मधल्या निबंधातून रूढ झालं. त्याच्या आधी इस्रायलमध्ये काहनेमान शाळेसाठी निर्णयशास्त्राचा अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या एका गटात होते. एके दिवशी त्यांनी सगळ्यांना चिठ्ठीवर लिहायला सांगितलं: पुस्तकाचा मसुदा तयार व्हायला किती काळ लागेल? सगळ्यांची उत्तरं दीड ते अडीच वर्षांच्या आसपास आली. गटात अभ्यासक्रम तयार करण्याच्या क्षेत्रातले एक जाणकार होते, त्यांचंही उत्तर त्यातच. मग काहनेमान यांनी त्यांना विचारलं, की आपल्यासारखे दुसरे गट तुम्ही पाहिलेत, त्यांना किती लागला? ते गृहस्थ थोडे ओशाळले आणि म्हणाले की सुमारे ४० टक्के गटांचं काम पुरंच झालं नाही, आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. पुस्तक शेवटी आठ वर्षांनी पूर्ण झालं.

मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की दोन्ही उत्तरं एकाच माणसाच्या डोक्यात होती. चिठ्ठी लिहिताना त्याने समोरच्या कामाकडे पाहिलं, धडे मनात मोजले, आणि दोनेक वर्षं लिहिली. तशा कामांचा इतिहास त्याला ठाऊक होता, पण तो विचारला जाईपर्यंत हिशोबात आलाच नाही. आणि तो कळल्यावरही गटाने काम तसंच पुढे चालू ठेवलं. तुमच्या बाबतीतही तेच आहे. आठ जोड्या ईमेलमध्ये पडून होत्या आणि सहाचा आकडा तुम्ही ६० पानांकडे बघून काढलात.

‘मग जरा वाईटात वाईट धरून सांगते’ हा उपाय सगळ्यांना सुचतो. तो पुरत नाही. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल. सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस. सगळं जितकं बिघडू शकतं तितकं बिघडलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. म्हणजे वाईटात वाईट म्हणून जे कल्पलं होतं तेही प्रत्यक्षापेक्षा बरं निघालं. आपण ‘वाईट’ कल्पतो तेव्हाही आपलीच योजना समोर ठेवून तिच्यात एखाददुसरा अडथळा घालतो. तुम्हीही सहाचे फार तर आठ केले असते. तेरा तुमच्या मनात आलेच नसते.

याच अभ्यासांतून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि तिच्यापासून तुम्ही सावध राहायला हवं. मागच्या उशिरांबद्दल विचारलं की लोक प्रत्येक उशिराला त्या-त्या वेळचं खास कारण देतात: तेव्हा कॉम्प्युटर बिघडला होता, तेव्हा पाहुणे आले होते. कारणं खरीच असतात. पण प्रत्येक उशीर अपवाद ठरला की मागे नियम म्हणून काही उरतच नाही. तुमच्या यादीतलं ८–२० वालं काम बघा. माझी खात्री आहे की ते यादीत लिहिताना मनात आलं असेल, ‘हे धरायला नको, तेव्हा वेगळंच झालं होतं.’ ते खोडू नका. तेव्हा ताप आला असेल तर पुढच्या वेळी ताप येणार नाही हे खरं, पण काहीतरी येईल. नेमकं काय येईल हे सांगता येत नाही म्हणूनच ते योजनेत कधी दिसत नाही, आणि गुणकात मात्र दिसतं.

एक मात्र करण्यासारखं आहे. तुमच्या गुणकांत १.६ नंतर एकदम २.१७ येतो, मध्ये काहीच नाही. पाच कामं दीडच्या आसपास आहेत, तीन दोनच्या वर. आठ कामांत अशी फट योगायोगानेही पडू शकते, तरी ती तपासून बघावी. त्या तिन्ही कामांत समान काय होतं? विषय नवा होता? तक्ते खूप होते? मूळ मजकूर स्कॅन केलेला होता? क्लायंटकडे दोन-तीन जण मंजुरी देणारे होते? इथे एक पथ्य पाळा. जे लक्षण काम हातात घेण्याआधी दिसतं तेवढंच धरायचं. ‘त्या कामात क्लायंटने उत्तरं उशिरा दिली’ हे लक्षण उपयोगाचं नाही, कारण ते आधी कळत नाही. ‘मंजुरी देणारे तिघं होते’ हे आधी कळतं. असं लक्षण सापडलं आणि नव्या ६० पानांत ते नसलं, तर पहिल्या पाचांच्या रांगेतला वरचा गुणक, म्हणजे १.६ धरून दहा दिवस सांगायला हरकत नाही. लक्षण सापडलं नाही, किंवा सापडलं पण ओढूनताणून वाटतंय, तर आठही एकत्र ठेवा आणि तेरावर राहा.

हा झाला तारखेचा हिशोब. पण चूक नेमकी कुठे पडते हेही बघायला हवं, नाहीतर गुणक आयुष्यभर २.१७ च राहील. तुमच्या नोंदीत फक्त दिवस आहेत, आणि दिवसांत दोन वेगळ्या चुका एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक, कामाला किती तास लागतील याची. दुसरी, दिवसात तुम्हाला खरोखर किती तास मिळतात याची. माझ्या पाहण्यात दुसरी चूक अनेकदा पहिलीपेक्षा मोठी निघते, आणि तिच्याकडे कोणाचं लक्षच नसतं.

तुमचंच काम घेऊ. आकडे मी धरून चालतो, तुम्ही तुमचे घाला. ‘रोज दहा पानं, सहा दिवस’ असा तुमचा सहाचा अंदाज आला असणार. एका पानाच्या कच्च्या भाषांतराला ४० मिनिटं धरली तर ६० पानांचे ४० तास होतात. सहा दिवसांत ते बसवायचे तर रोज पावणेसात तास, सुट्टी न घेता. आता काम उलगडून लिहा. संज्ञांची यादी करून पक्की करणं, दोन तास. कच्चं भाषांतर, ४० तास. शंका गोळा करून क्लायंटला पाठवणं आणि आलेल्या उत्तरांप्रमाणे बदल करणं, एक तास. मुळाशी ताडून दुरुस्ती, पानाला दहा मिनिटं, म्हणजे दहा तास. तक्ते, आकडे, तळटीपा आणि मांडणी, तीन तास. शेवटचं सलग वाचन, चार तास. बेरीज साठ तास. म्हणजे सहा दिवसांच्या अंदाजात फक्त कच्चं भाषांतर होतं. ‘भाषांतर करायचंय’ असं म्हटलं की मनासमोर तेवढंच उभं राहतं.

असं उलगडून लिहिल्यावर अंदाज वाढतो हे प्रयोगांतही दिसलं आहे. जस्टिन क्रूगर आणि मॅट एव्हान्स यांनी २००४ मध्ये दाखवलं की खरेदी, मजकुराची मांडणी असल्या कामांचे तुकडे आधी लिहून काढायला लावले तर लोक जास्त वेळ सांगतात. काम जितकं जास्त तुकड्यांचं, तितका हा परिणाम मोठा.

आता दुसरी चूक. साठ तास भागिले दिवसाचे किती? इथे ‘मी रोज कामाला बसते’ हे तुमचं वाक्य आठवा. बसण्याचे तास आणि या एका कामावर गेलेले तास वेगळे. फोन, बिलं, जुन्या कामांतल्या दुरुस्त्या, घरातलं कोणी हाक मारणं, नव्या क्लायंटचं चौकशीचं ईमेल हे सगळं त्याच बैठकीत होतं. मोजायचं असं: पुढचे दोन आठवडे रोज रात्री फक्त एक आकडा लिहा, आज मुख्य कामावर किती तास गेले. चौदा आकड्यांची बेरीज करून चौदाने भागा, सुट्टीचे आणि वाया गेलेले दिवसही भागाकारात ठेवून. मनात सहा-सात असतात, कागदावर बहुधा चार-पाच येतात. पाच आले असं धरू. साठ भागिले पाच, बारा दिवस. त्यात क्लायंटच्या उत्तराची वाट बघण्यात गेलेला एखादा दिवस मिळवा. तेराच्या आसपास येतो की नाही?

इथे आकडे जुळले ते मी सोयीचे धरले म्हणूनही असेल. तुमच्या बाबतीत दोन्ही रस्ते वेगळे आले तर मोठा आकडा घ्या आणि फरक का पडला ते शोधा. तासांचा हिशोब दहा दिवस म्हणतोय आणि गुणक तेरा म्हणतोय, तर ते तीन दिवस कुठेतरी जात आहेत आणि तुमच्या तुकड्यांच्या यादीत त्यांचं नाव नाही.

एक घोळ मात्र अनेक जण करतात. काम उलगडून बारा दिवस काढतात आणि मग त्यालाही २.१७ ने गुणतात. सव्वीस दिवस! एवढी लांब तारीख कोणी ऐकून घेत नाही, मग वैतागून सगळी पद्धतच सोडून देतात. गुणक ज्या प्रकारच्या अंदाजातून निघाला, त्याच प्रकारच्या अंदाजाला लावायचा. तुमचा २.१७ हा ‘बघितलं आणि वाटलं’ अशा अंदाजाचा आहे. उलगडलेल्या अंदाजाचा गुणक वेगळा असणार, बहुधा १ च्या बराच जवळ. तो मिळवायला त्या पद्धतीने केलेली सहा-आठ कामं पुरी व्हावी लागतील. तोवर दोन्ही आकडे लिहीत चला.

याच कारणासाठी पहिला, मनात आलेला आकडा आहे तसा लिहून ठेवा. सहा वाटले तर सहाच लिहा. एकदा गुणक माहीत झाला की मन लबाडी करायला लागतं: आपल्याला नेहमी जास्त लागतात म्हणून आधीच आठ म्हणायचं, मग त्याला गुणायचं. असं सुरू झालं की कोणत्या अंदाजात किती उशी भरली आहे तेच कळेनासं होतं. दुरुस्ती नेहमी वेगळ्या रकान्यात. नोंदीला सहा रकाने पुरतात: काम कसलं, पहिला अंदाज, उलगडलेला अंदाज, सांगितलेली तारीख, प्रत्यक्ष दिवस, प्रत्यक्ष तास. क्लायंटची अपेक्षा कळण्याआधी पहिला अंदाज लिहिता आला तर उत्तम. ‘चार दिवसांत होईल ना?’ हे वाक्य कानावर पडलं की आपला आकडा चारकडे सरकतो, आणि सरकल्याचं जाणवतही नाही.

आणि नोंद त्याच दिवशी करा. मागच्या कामाला किती वेळ लागला हे आठवून लिहिलं तर तेही कमीच लिहिलं जातं. मायकेल रॉय, निकोलस क्रिस्टेनफेल्ड आणि क्रेग मॅकेन्झी यांनी २००५ मध्ये तर असं मांडलं की आपला पुढचा अंदाज चुकतो त्याचं एक कारण मागची आठवणच तोकडी असते. तुम्ही ईमेलच्या तारखांवरून यादी केलीत ते फार बरं केलंत. आठवून केली असतीत तर ८–२० चं ८–१४ झालं असतं.

आता तुम्हाला वाटेल, तेरा दिवस घेतले तर काम फुगून तेरा दिवस खाईल. हातात जितका वेळ तितकं काम पसरतं, हे पार्किन्सन यांचं म्हणणं १९५५ पासून लोक ऐकवत आले आहेत. रिकामा वेळ असेल तर ते खरं आहे. तुमच्या तेरा दिवसांत रिकामं काही नाही, त्यात साठ तासांचं काम आहे. मनात घट्ट तारीख ठेवून स्वतःला पळवण्याचा उपाय तुम्ही आठ वेळा करून पाहिलाच आहे. ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या नंतरच्या एका अभ्यासात असं दिसलं, की आशावादी अंदाजाचा उपयोग एका बैठकीत संपणाऱ्या कामात होतो. अनेक दिवस चालणाऱ्या कामात तो सुरुवात लवकर करून देतो, पण शेवट लवकर आणतोच असं नाही, कारण मध्ये इतर गोष्टी घुसतात. त्यामुळे एखादं पानभर पत्र ‘अर्ध्या तासात उडवते’ म्हणून बसायला हरकत नाही. साठ पानांना तो डाव लागू पडत नाही.

फुगण्याची खरी जागा सुरुवातीला असते. तेरा दिवस आहेत म्हणून पहिले तीन सैल जातात. त्यासाठी मधल्या खुणा तारखांवर नको, मोजता येणाऱ्या पानांवर ठेवा. वरच्या हिशोबाने तिसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत संज्ञांची यादी आणि १९ पानं होतात, पण सुरुवात हळू धरून किमान १५ पानं कच्ची झालेली हवीत. नवव्या दिवशी रात्री साठही पानं कच्ची हवीत. ‘साधारण ८० टक्के झालंय’ असली नोंद करू नका. सगळी पानं कच्ची झाली की काम संपत आलं असं वाटतं, पण तासांच्या हिशोबात तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश काम शिल्लक असतं. बरेचसे उशीर याच टप्प्यावर होतात.

तिसऱ्या दिवशी १५ ऐवजी १० पानं झाली असतील तर काय? संज्ञांच्या यादीचा अर्धा दिवस वजा केला तर अडीच दिवसांत १० पानं, म्हणजे दिवसाला चार. या वेगाने नुसता कच्चा मजकूरच पंधरा दिवस घेईल. सुरुवातीची पानं जरा हळू जातात हे मान्य, म्हणून आणखी एक दिवस थांबा. चौथ्या दिवशीही वेग सहाच्या वर गेला नाही तर त्याच संध्याकाळी क्लायंटला नवी तारीख कळवा. नऊ दिवस आधी कळवलेला उशीर समोरच्याला आपल्या वेळापत्रकात बसवता येतो. बाराव्या दिवशी कळवलेला येत नाही.

क्लायंटला सहाच दिवसांत हवं असेल तर? तुमच्या हातात दिवसाला पाच तास, म्हणजे सहा दिवसांत तीस. तीस तासांत यातलं निम्मं काम होतं. पहिली तीस पानं सहा दिवसांत पूर्ण करून द्या आणि उरलेली नंतर, किंवा ताडून बघण्याचं काम दुसऱ्या कोणाकडे द्या, किंवा काम सोडा. त्यांना घाई आहे म्हणून पानाला ४० ऐवजी २० मिनिटं लागणार नाहीत.

शेवटचं, या सगळ्याची मर्यादा. गुणक त्याच जातीच्या कामांना चालतो. उद्या तुमच्याकडे भाषांतराऐवजी चित्रफितींच्या सबटायटलचं काम आलं, तर आठ जोड्या जवळपास निरुपयोगी, आणि तिथे तुमच्या मनातल्या आकड्याला तर काहीच आधार नाही. अशा वेळी तारीख लगेच सांगू नका, ‘परवा सांगते’ म्हणा, आणि मधल्या दिवशी कामाचा नमुना करून बघा. सुरुवातीचा भाग सहसा सोपा असतो, म्हणून तो सोडून तीन जागांचे तुकडे घ्या: एक मधला, एक शेवटाकडचा आणि एक दिसायलाच अवघड वाटणारा. घड्याळ लावून ते अगदी देण्याजोगे होईपर्यंत पुरे करा, दुरुस्ती आणि शेवटच्या वाचनासकट. तिन्हींचा वेळ पूर्ण कामाच्या मापाने वाढवून बघा. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत दुपटीचा फरक येत असेल तर अजून दोन तुकडे करा. आत्ताच्या ६० पानांतही विषय तुम्हाला नवा असेल, तर तेरा दिवस कळवण्याआधी हाच नमुना करून घ्या. अर्धा दिवस जाईल, पण पानाला खरंच ४० मिनिटं लागतात की ५५, ते काम स्वीकारायच्या आधी कळेल.